जूनचा रिपोर्ट, पावसाचं कॅलेंडर

समजा, परळच्या एजन्सीत तुमची पहिलीच नोकरी आहे. क्लायंट लातूरकडचा, ट्रॅक्टरवर चालणारी पेरणी यंत्रं विकणारा डीलर. जूनचा रिपोर्ट बनवताना दिसतं, गेल्या जूनमध्ये १२० चौकश्या आल्या होत्या, यंदा ६०च! जाहिरात फसली? थांबा, आधी पाऊस बघा.

मान्सून मुंबईत २०२३मध्ये २५ जूनला आला, तर २०२५मध्ये थेट २६ मेला. त्यात दादरला छत्री उघडली म्हणून लातुरात पेरणी होत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. त्यामुळे तालुक्याचे पावसाचे आकडेच घ्यायचे.

समजा, तेवढा पाऊस गेल्या वर्षी १० जूनला झाला, यंदा २५ला. आता दोन्ही वर्षी त्याआधीच्या दोन आठवड्यांतल्या चौकश्या मोजा. एकाच नंबरवरून दोनदा आलेली चौकशी एकच धरा. गेल्या वर्षी ४५, यंदा ४४. म्हणजे जाहिरात ठीक चाललीय, पाऊस लांबलाय.

हे रिपोर्टमध्ये लिहिलं नाही, तर डीलर घाबरून नेमकी पेरणीच्या तोंडावर जाहिरात बंद करतो. आणि पेरणी उरकल्यावर पेरणी यंत्र घेणार कोण?