वीस मिनिटांचा अर्ज

"विषय : घटक चाचणीत वीस मिनिटे जादा वेळ मिळणेबाबत." पत्रलेखनात शिकवतात तसा अगदी नमुनेदार अर्ज. खाली मजकूर असा : "मॅडम, गणिताचा पेपर हातात आला की माझे हात गार पडतात. पहिली पंधरा मिनिटे अक्षरं दिसतात, पण अर्थ लागत नाही. नंतर सगळं आठवतं, तोवर वेळ संपतो. मी अभ्यास केलेला असतो." खाली सही, शेजारी आईची सही.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कुलात मी गणित शिकवते. नववीतल्या या मुलीचं नाव-गाव सांगत नाही, पण तिला विचारूनच हे लिहिते आहे. मला अर्ज आवडला, कारण त्यात रडगाणं नव्हतं. कुठल्या विषयात, नेमकं काय होतं, किती वेळ जातो आणि किती हवा, एवढंच होतं. "मला टेन्शन येतं" एवढ्यावर शिक्षकाला काही करता येत नाही. "पहिली पंधरा मिनिटं जातात" म्हटलं की करता येतं.

शाळेच्या चाचणीत वेळ देणं आमच्या हातात असतं. वीस मार्कांचा, एका तासाचा पेपर. मुख्याध्यापकांना विचारून मी तिला वीस मिनिटं दिली, पण एका अटीवर. तास संपला की पेपरवर आडवी रेघ मारायची आणि पुढचं हिरव्या पेनानं लिहायचं. वर्गात कुजबुज झालीच, "तिलाच का?" म्हणून. मी म्हटलं, कारण लिहून द्या, तुम्हालाही देते. तिघांनी दिलं.

तिच्या पेपरात रेघेच्या वर मोजकंच होतं आणि त्यातलं पहिलं गणित चार वेळा खोडलेलं. रेघेखाली हिरव्या शाईत दोन मोठी गणितं, दोन्ही बरोबर. मग तसाच दुसरा पेपर घरी दिला. आईला सांगितलं, तुम्ही फक्त सुरुवातीची आणि शेवटची वेळ टिपा, तिच्यासमोर घड्याळ नको. आई दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, पन्नास मिनिटांत उरकलं की लेकरानं! मग शाळेतच काहून असं होतंय?"

म्हणजे गणित येत होतं, हातही चालत होता. जात होती ती सुरुवात. भीती वाटते तेव्हा 'नापास झाले तर' हा विचार डोक्यात एवढी जागा अडवतो, की आकडे धरून ठेवायला जागा उरत नाही. पाठांतर वाढवून हे सुटत नाही.

2011 मध्ये अमेरिकेत शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. परीक्षेआधी दहा मिनिटं मुलांना मनातली भीती कागदावर लिहायला लावली. त्यात नववीची मुलंही होती. ज्यांना परीक्षेची फार धास्ती होती, त्यांना याचा चांगला फायदा झाला. आम्हीही तेच केलं. तो कागद मी वाचत नाही, ती फाडून टाकते. शिवाय पहिला प्रश्न पहिला सोडवायचा नाही, हमखास येणारा आधी. आणि पेपर हातात आल्यावर पाच वेळा श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ.

पुढच्या चाचणीला वीसची पंधरा मिनिटं केली, त्यापुढे दहा. मुद्दामच. दहावीला नुसत्या भीतीसाठी बोर्ड वेगळा वेळ देत नाही. 2023 च्या परीक्षेपासून शेवटी सगळ्यांनाच दहा मिनिटं वाढवून मिळू लागली, तेवढीच. सवय त्या मापाची हवी. दहा मिनिटांच्या चाचणीत हिरव्या शाईत एकच गणित होतं.

झोप उडाली, जेवण तुटलं, उलट्या होऊ लागल्या, मूल शाळाच टाळू लागलं आणि हे दोन आठवडे चाललं, तर मात्र आयांनो, शिक्षकाच्या भरवशावर राहू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येतं. नाहीतर सरळ जिल्हा रुग्णालय गाठा.

बाकीच्या तिघांपैकी दोघांना जादा वेळाचा काहीच उपयोग झाला नाही, अभ्यासच नव्हता. तिसऱ्या मुलाचं निराळं निघालं. तो घरीही तितकाच हळू. उदाहरण वाचायलाच त्याला पाच मिनिटं लागतात, 36 चे 63 होतात. त्याला भीती आहे, पण ती वाचता येत नाही म्हणून आलेली. अशा मुलाची अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी लागते. शासनमान्य केंद्राचं प्रमाणपत्र मिळालं, तर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज करता येतो आणि तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास जादा मिळतो. या कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून नववीतच हलायला हवं. त्याच्या वडिलांना दोनदा बोलावलं. ते म्हणतात, "आमचं पोरगं काय येडं हाय का?" आई गप्प असते. परवा मात्र ती एकटीच आली आणि तपासणीला कुठं जायचं ते कागदावर लिहून घेऊन गेली.