खजूर, मेट्रो आणि कापलेला रकाना

माझी भाची बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. परवा तिने मोबाइलवर एका तक्त्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामू, मागणीची लवचिकता काढायची आहे, पण आकडे उलटे चाललेत.’ तक्ता गृहपाठासाठी बेतलेला होता. एका दुकानातला खजूर, डावीकडे किलोचा भाव, मग विकलेले किलो, शेवटी गल्ल्यातली रक्कम. ओळी तीनच होत्या. २०० रुपयांना १०० किलो, १६० रुपयांना १४० किलो आणि २२० रुपयांना १८० किलो.

स्क्रीनशॉट जरा धूसर होता. दुसऱ्या ओळीतले १६० की १८०, हे कळेना. अशा वेळी गल्ल्याचा रकाना कामाला येतो. तिथे २२,४०० लिहिले होते. १६० गुणिले १४० केले की तेवढेच येतात, १८० धरले तर २५,२०० होतात. म्हणजे भाव १६०च.

लवचिकता म्हणजे भाव शंभरात जितका हलला, त्याच्या किती पट खप हलला, हे सांगणारा आकडा. पण शंभरात म्हणजे कशाच्या शंभरात? भाचीने पहिल्या दोन ओळी घेतल्या. भाव २०० वरून १६० झाला, म्हणजे २० टक्के उतरला. खप १०० वरून १४० झाला, म्हणजे ४० टक्के वाढला. लवचिकता आली २. मी म्हटलं, आता उलटी ये. १६० वरून २०० म्हणजे भाववाढ २५ टक्के, आणि १४० वरून १०० म्हणजे खपातली घट साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास. लवचिकता आली १.१४. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, आणि उत्तरं दोन! जिना चढताना एक उंची आणि उतरताना दुसरी, असं कसं चालेल?

म्हणून टक्केवारी दोन्ही आकड्यांच्या मध्यावर काढायची. भावांचा मध्य १८०, फरक ४०, म्हणजे २२.२ टक्के. खपाचा मध्य १२०, फरक ४०, म्हणजे ३३.३ टक्के. भागाकार १.५, चढताना आणि उतरतानाही तोच. भाव व खप उलट दिशेने जातात, म्हणून खरं तर त्याच्यामागे वजा चिन्ह असतं. बोलताना आपण ते सोडून देतो. एकापेक्षा जास्त आला की भाव उतरवल्यावर गल्ला वाढायला हवा. तो वाढलाच होता, २०,००० वरून २२,४००.

आता तिसरी ओळ. भाव १६० वरून २२० झाला आणि खप घटायचा तो १८० किलोवर गेला. इथे चिन्ह वजाचं अधिक होतं. भाचीने सूत्रात आकडे घालून उत्तरही काढलं होतं. मी विचारलं, ‘बेटा, या तक्त्याला डावीकडे आणखी एक रकाना होता का?’ होता. महिन्याचा. मोबाइलच्या पडद्यात मावला नाही म्हणून कापला गेला होता. तिसऱ्या ओळीपुढे रमजान लिहिलं होतं! त्या महिन्यात रोजा सोडायला घरोघर खजूर लागतो. गिऱ्हाइकाची गरजच वाढली, म्हणून भावही चढला आणि खपही. अशा दोन ओळी जोडून मागणीची लवचिकता निघत नाही. निघतो तो आकडा दोन वेगळ्या मागण्यांमधला असतो. सूत्र काही तक्रार करत नाही. भागाकार तर कशाचाही होतो.

आमच्या खारघरमधून जाणाऱ्या बेलापूर-पेंधर मेट्रोचंच बघा. ती १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. पहिल्या स्थानकापासून शेवटच्या स्थानकापर्यंत ४० रुपये पडत. ७ सप्टेंबर २०२४ पासून ते ३० झाले. शंभर प्रवाशांचे पूर्वी ४,००० येत. ३० च्या दराने तेवढेच यायला साधारण १३३ प्रवासी हवेत. मध्याच्या पद्धतीने इथे लवचिकता जवळपास १ येते, ताळा जुळतो. १३३ च्या वर प्रवासी गेले तर त्या तिकिटाची कमाई वाढली.

पण ७ सप्टेंबर २०२४ ला गणेश चतुर्थी होती. ऑगस्टचा शेवटचा आठवडा आणि सप्टेंबरचा दुसरा आठवडा शेजारी मांडले, तर सणाची माणसं भाड्याच्या खात्यावर जमा होतात. शिवाय पहिल्या दोन किलोमीटरचे १० रुपये होते तसेच राहिले. त्यांची संख्या एकूण प्रवाशांत मिसळली की आकडा आणखी फसवा होतो. तेव्हा शेवटापर्यंतची तिकिटं वेगळी काढायची, सणाचे दिवस वगळायचे, मधल्या काळात गाड्यांच्या फेऱ्या बदलल्या का ते विचारायचं, आणि मगच भागाकार.

भाचीने तिसरी ओळ वगळून १.५ हे उत्तर लिहिलं, आणि खाली एका वाक्यात ती ओळ का वगळली तेही लिहिलं.