रीलची पटकथा : भाग ४
ठोक्यावरचा कट आणि पहिला घास

मागच्या भागात रीलची सुरुवात पाहिली. आज एक अख्खी पटकथा मांडू या. बेकरी दिवाळीसाठी केशर-पिस्ता नानकटाई आणते आहे आणि रील आहे २० सेकंदांची.

आधी धून ठरवायची, मग शॉट. मिनिटाला १२० ठोक्यांची धून घेतली की एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रीकरणात बरोबर १५ फ्रेमचा. २५ फ्रेमवर साडेबारा येतात आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. म्हणून फोन आधीच ३० वर लावून घ्यावा.

० ते २ सेकंद : नानकटाई हातात मोडते, चुरा पडतो. अक्षरं : ‘दिवाळी स्पेशल’.
२ ते ८ : एकेक सेकंदाचे सहा शॉट. तूप-साखर फेटणं, मैदा-बेसन चाळणं, केशरदूध ओतणं, गोळा वळणं, पिस्ता दाबणं, ट्रे भट्टीत सरकवणं.
८ ते १० : ट्रे बाहेर येतो, नानकटाईवरच्या भेगा जवळून.
१० ते १६ : चव. एकच शॉट.
१६ ते २० : डबा, वजन, किंमत, ऑर्डरची शेवटची तारीख.

मधल्या सहा शॉटमध्येच रील जमते किंवा फसते. प्रत्येक शॉटला दोन ठोके मिळतात. पहिल्या ठोक्यावर कट पडतो. दुसऱ्यावर त्या शॉटमधली क्रिया पूर्ण व्हायला हवी. पिस्त्याचा शॉट घ्या. अंगठा गोळ्यावर टेकतो ती फ्रेम शोधायची आणि तिच्या १५ फ्रेम आधी शॉट सुरू करायचा. नुसते कट ठोक्यावर ठेवले आणि अंगठा मधेच कुठेतरी टेकला, तर हात आणि ताल वेगवेगळे चाललेत असं वाटतं.

चवीच्या शॉटमध्ये मात्र एकही कट नको. घास आणि चेहरा यांच्या मध्ये कट आला की प्रतिक्रिया नंतर चिकटवल्यासारखी दिसते. इथे धून अगदी हळू करावी, म्हणजे घासाचा आवाज ऐकू येईल. त्यासाठी पंखा बंद हवा आणि नानकटाई पूर्ण गार झालेली हवी. भट्टीतून नुकतीच काढलेली मऊ असते, ती कुरकुरत नाही. पडद्यावर ट्रेनंतर लगेच चव येत असली, तरी चित्रीकरणात मधे वेळ ठेवावा लागतो.

खाणाऱ्याने तोवर एकही तुकडा चाखलेला नसावा. ‘कशी झालीये?’ विचारलं की ‘मस्त!’ एवढंच मिळतं. ‘आधी काय लागलं?’ असं विचारा. मग ‘आधी केशर… आणि मागून बेसनाचा खमंगपणा’ असं काहीतरी येतं. हेच वाक्य ठेवायचं, कारण त्यातून पाहणाऱ्याला पदार्थ कळतो.

शेवटी रील दोनदा तपासा. आवाज बंद करून पाहिल्यावर पदार्थ आणि तारीख कळली पाहिजे; डोळे मिटून ऐकल्यावर घास ऐकू आला पाहिजे.

पुढच्या भागात : भट्टीच्या पिवळ्या उजेडात पदार्थाचा खरा रंग कसा टिपायचा.