मधली दीड वर्षं

मुलाखत घेणारा बायोडेटावरच्या तारखांपाशी थांबतो आणि विचारतो, "ही मधली दीड वर्षं?" उमेदवाराला वाटतं, आता अपयशाचा पंचनामा होणार. समोरच्याला मात्र बहुतेक वेळा एवढंच जाणून घ्यायचं असतं की धंदा खरोखर आटोपला का, आणि हा माणूस सहा महिन्यांनी पुन्हा त्याच्यामागे जाणार का.

समजा, चाकणच्या कारखान्यात खरेदी विभागात आठ वर्षं काढलेल्या एकाने पिंपरीत डब्यांचा व्यवसाय टाकला. रोजचे 140 डबे, त्यातले 90 एकाच ऑफिसचे. त्या ऑफिसने स्वतःचं कँटीन काढलं. डबे गेले, जागेचं भाडं आणि स्वयंपाकिणींचे पगार तेवढेच राहिले. चार महिने पदरचे पैसे घालून त्याने शटर ओढलं.

त्याने सांगावं ते असं: "डब्यांचा व्यवसाय केला. निम्म्याहून जास्त धंदा एकाच गिऱ्हाइकावर ठेवला होता, ते गेल्यावर खर्च निघेना, म्हणून मार्चमध्ये बंद केला. देणी फेडली आहेत. भाजी-किराण्याचे दर रोज ठरवत होतो, त्यामुळे खरेदीच्या कामापासून लांब गेलो नाही."

आणि इथे थांबावं. समोरचा लिहून घेत असतो, खोलीत शांतता पसरते आणि ती भरायला माणूस बोलत सुटतो. मग भागीदाराने कसा दगा दिला, ऑफिसवाल्यांनी बिल कसं रखडवलं, सगळं बाहेर येतं. ते खरंही असेल, पण ऐकणारा मनात म्हणतो, उद्या आमच्याबद्दलही हा असंच बोलेल. 'देणी फेडली' हेही खरं असेल तरच म्हणावं; हप्ते चालू असतील तर तसं सांगावं.

कागद बोलण्याशी जुळायला हवेत. जीएसटी नोंदणी असेल तर ती रद्द झाल्याचा आदेश आणि अंतिम विवरणपत्र, म्हणजे GSTR-10, हाताशी ठेवावं. धंदा संपल्याचा याहून चांगला पुरावा नाही. आधीच्या नोकरीच्या तारखा ताणून मधली फट बुजवायला जाऊ नये. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख असते आणि पडताळणीत ती सापडते.

नोकरकपातीत वेगळीच मेख असते. बऱ्याच कंपन्या काढताना राजीनामा लिहून घेतात. उमेदवार 'पदं कमी केली' म्हणतो आणि पत्रात 'राजीनामा' दिसतो. म्हणून आपणच आधी सांगून टाकावं: "आमच्या टीममधली पदं कमी केली, राजीनामे मागितले, मीही दिला."

शेवटी बहुधा विचारतातच, "पुन्हा धंदा करणार का?" 'कधीच नाही' या उत्तरावर कुणी विश्वास ठेवत नाही. "सध्या नाही. घरखर्चाला ठरलेला पगार हवा आहे आणि हे काम मला येतं," एवढं पुरतं.