चंद्र, चुन्याची गोळी आणि पहिले तीस सेकंद

लॉस एंजेलिसच्या एका जलाशयावर 2015 साली तब्बल 9 कोटी 60 लाख काळे प्लॅस्टिकचे चेंडू सोडले गेले. ‘व्हेरिटासियम’ या विज्ञान चॅनेलच्या डेरेक मुलरने 2019 मध्ये त्यावर व्हिडिओ केला. शीर्षकात त्याने एवढंच विचारलं, की या जलाशयावर इतके काळे चेंडू कशासाठी? पाण्याची वाफ होऊ नये म्हणून, असं उत्तर आपण मनातल्या मनात देऊन मोकळे होतो. खरं कारण वेगळंच होतं. पाण्यातला ब्रोमाइड आणि निर्जंतुकीकरणाचा क्लोरीन यांच्यावर ऊन पडलं की ब्रोमेट हे घातक रसायन तयार होतं, ते ऊन अडवायचं होतं. ‘जलाशयातील रासायनिक अभिक्रिया’ असं शीर्षक दिलं असतं, तर किती जण थांबले असते?

मुलरची पीएच.डी. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या व्हिडिओंवरच आहे. त्याला असं आढळलं, की नुसतं स्वच्छ, सोपं स्पष्टीकरण मुलांना आवडतं, पण चाचणीतले गुण फारसे वाढत नाहीत. आधी मुलांच्या मनातला चुकीचा समज पुढे मांडून मग तो खोडला, तर मुलं गोंधळल्याची तक्रार करतात आणि शिकतात मात्र जास्त. म्हणजे शैक्षणिक व्हिडिओचा गळ वेगळा शोधायला नको, तो विषयातल्या नेमक्या गैरसमजात असतो.

‘चंद्राच्या कला’ हा पाठ घेऊ. पृथ्वीची सावली पडते म्हणून कोर दिसते, असं मोठी माणसंही छातीठोकपणे सांगतात. तेव्हा शीर्षक असं करता येईल : ‘चंद्रकोर पृथ्वीच्या सावलीमुळे दिसते का? | चंद्राच्या कला’. शंभर अक्षरांची मुभा असली, तरी मोबाइलवर शेपूट कापलं जातं, म्हणून प्रश्न पुढे ठेवला. मागचे दोन शब्द परीक्षेच्या आदल्या रात्री पाठाचं नाव टाकून शोधणाऱ्या मुलांसाठी आहेत. ‘शाळेत तुम्हाला खोटं शिकवलं!’ असंही लिहिता येईल. लोक येतील आणि फसवलं गेल्याचं कळताच निघूनही जातील.

थंबनेलने शीर्षकाचीच री ओढू नये. इथे पुरावाच दाखवता येतो. वद्य अष्टमीच्या आसपास सकाळी नऊला पश्चिमेला अर्धा चंद्र असतो आणि पूर्वेला सूर्य. शाडूची चार सेंटिमीटरची गोळी वाळवून तिला चुना लावा. कॅमेऱ्यापासून साधारण साडेचार मीटरवर कुणीतरी ती उन्हात चंद्राशेजारी धरली, की दोघांचा आकार सारखा दिसतो आणि दोघंही सारखेच अर्धे उजळलेले असतात. (टेबल टेनिसचा चेंडू नको, त्यातून उजेड झिरपतो आणि सावलीची कडा पुसट होते.) झूम मात्र भरपूर लागेल, नाहीतर चंद्र म्हणजे एक ठिपका. वर तीनच शब्द, ‘ही सावली कोणाची?’, जाड टायपात, कारण लहान आकारात काना-मात्रा आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. उजवा खालचा कोपरा मोकळा ठेवा. तिथे व्हिडिओच्या कालावधीची पट्टी बसते.

आता पहिले तीस सेकंद. इथे बहुतेक शिक्षक ‘नमस्कार मित्रांनो’, फिरणारं बोधचिन्ह, सबस्क्राइबची विनंती आणि व्याख्या यांत वेळ घालवतात. प्रेक्षक ज्या चित्रासाठी आला, ते त्याला दिसतच नाही. त्याऐवजी कॅमेरा थेट चंद्रावर : “सकाळचे नऊ वाजलेत. हा अर्धा चंद्र.” कॅमेरा फिरून जमिनीवर पडलेल्या लांब सावल्यांवर येतो : “सूर्य आहे पूर्वेला. पृथ्वीची सावली पडणार सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला. चंद्र तर तिथे नाहीच.” इतकं बारा-पंधरा सेकंदांत होतं. मग गोळी वर जाते : “आणि ही गोळी तर माझ्या हातात आहे. हिचा अर्धा भाग कोणी काळा केला?” उत्तर लगेच देऊ नका. नमस्कार-चमत्कार यानंतर दोन ओळींत उरकता येतात.

जमलं की नाही, ते यूट्यूब स्टुडिओ दाखवतो. तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक टिकले, हा आकडा तिथे असतो. क्लिकच कमी असतील, तर दोष शीर्षकात किंवा थंबनेलमध्ये आहे. क्लिक भरपूर आणि आलेख सुरुवातीलाच कोसळला, तर बाहेर कबूल केलेलं आत मिळालं नाही. तीनपर्यंत थंबनेल एकमेकांशी ताडून पाहायची सोयही आहे. तिथे विजेता क्लिकवर ठरत नाही, बघण्याच्या वेळेवर ठरतो, आणि ते योग्यच आहे.

शीर्षक, थंबनेल नंतर कधीही बदलता येतात. सुरुवात मात्र चढवलेल्या व्हिडिओतून फक्त कापता येते, त्यात नवं दृश्य घालता येत नाही. म्हणून आधी शीर्षक आणि थंबनेल कागदावर, मग चित्रीकरण. संकलनाच्या टेबलावर गोळी आठवली, तर शुद्ध अष्टमीच्या दुपारची तरी वाट पाहावी लागेल.