धार बारीक का होते?

तिशीतला एक तरुण. मोटारसायकल घसरली आणि टाकीचा जोरदार दणका दोन मांड्यांच्या मध्ये बसला. दोन दिवस लघवीतून रक्त गेलं, मग थांबलं. हाड मोडलं नव्हतं, म्हणून विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. सहा महिन्यांनी मात्र त्याला मूत्राशय रिकामं करायला पाच-पाच मिनिटं लागू लागली. धार बारीक, कधी दोन फाट्यांची, आणि कपडे सावरल्यावर पुन्हा थेंब. युरॉलॉजिस्टच्या ओपीडीत असे रुग्ण नेहमी दिसतात.

अंडकोशाच्या मागे, बैठकीच्या भागात मूत्रमार्गाचा जो तुकडा असतो, तो अशा आघातात जघनास्थी आणि टाकी यांच्यामध्ये चिरडला जातो. मूत्रमार्गाभोवती रक्ताने भरलेलं स्पंजासारखं आवरण असतं. जखम भरताना त्या आवरणात घट्ट व्रण तयार होतो, आणि व्रणाचा स्वभावच आकसण्याचा. म्हणून त्रास लगेच न होता महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू होतो. उपचार न झालेल्या गनोरियानंतरही हेच घडतं. घाईघाईत, जोर लावून घातलेली लघवीची नळी हेही एक मोठं कारण आहे. शिस्नाच्या टोकाशी पांढरट, कडक चट्टे आणणारा लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार असेल, तर अरुंदपणा कित्येक सेंटिमीटर आत पसरत जातो.

साठीच्या माणसाची धार मंदावली की प्रोस्टेटकडे बोट दाखवलं जातं आणि ते बहुधा बरोबर असतं. पस्तिशीच्या माणसाला मात्र प्रोस्टेटच्या गोळ्या देत राहणं म्हणजे वेळ घालवणं. युरोफ्लोमेट्री या साध्या तपासणीत रुग्ण यंत्राच्या भांड्यात लघवी करतो आणि वेगाचा आलेख निघतो. निरोगी तरुणाचा आलेख घंटेसारखा चढतो-उतरतो, कमाल वेग सहसा सेकंदाला 15 मिलीलिटरहून जास्त असतो. मार्ग आवळलेला असेल तर आलेख पठारासारखा सपाट येतो. मग आरजीयू हा एक्स-रे: शिस्नाच्या तोंडातून रंगद्रव्य सोडून चित्र घेतात. अडथळा कुठे आहे आणि किती लांब आहे, ते त्यात दिसतं. पुढचे सगळे निर्णय या दोन उत्तरांवर अवलंबून असतात.

आपल्या तरुणाच्या बाबतीत ही तपासणी झालीच नाही, असं समजू. डॉक्टरांनी डायलेटेशन केलं, म्हणजे वाढत्या जाडीच्या सळया घालून रस्ता रुंदावला. त्याच दिवशी घरी, धारही मोकळी. चार महिन्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी दुर्बिणीतून व्रणाला चीर दिली. तीही टिकली नाही. याचं कारण सरळ आहे: सळई व्रण ताणते, सुरी तो कापते, पण काढत कोणीच नाही. उलट प्रत्येक वेळी नवी जखम होते आणि तिच्यावर नवा व्रण. पहिलाच, दोन सेंटिमीटरहून आखूड अडथळा असेल तर सळई किंवा दुर्बीण एकदा वापरून पाहणं योग्यच. काहींना तेवढ्याने बरं वाटतं. पण एकदा परत आलेल्या अडथळ्यावर तोच प्रयोग तिसऱ्यांदा करणं याला उपचार म्हणणं कठीण आहे.

ब्रिटनमध्ये 222 पुरुषांवर झालेल्या ‘ओपन’ चाचणीचा निकाल 2020 मध्ये आला. परत आलेल्या अडथळ्यावर दुर्बिणीची चीर चांगली की खुली शस्त्रक्रिया, हा प्रश्न होता. दोन वर्षांत लघवीचा त्रास दोन्ही गटांत कमी झाला. पण पुन्हा उपचार लागण्याची शक्यता खुल्या शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ निम्मी होती.

या तरुणाचा आरजीयू अखेर झाला तेव्हा अडथळा दीड सेंटिमीटरचा निघाला. त्याआधी काही आठवडे मूत्रमार्गाला हात न लावता ठेवलं, कारण नुकत्याच ताणलेल्या मार्गाचं चित्र फसवं येतं. मग बैठकीच्या भागात छेद घेऊन व्रणाचा तुकडा काढला आणि दोन निरोगी टोकं जोडली. योग्य रुग्ण निवडला तर दहापैकी नऊहून अधिक जणांत ही युरेथ्रोप्लास्टी टिकते. दोन-तीन आठवडे नळी ठेवावी लागते.

अडथळा लांब असेल तर टोकं ताणून जोडता येत नाहीत. तिथे गालाच्या आतलं अस्तर कामी येतं: ते सतत ओलं राहण्याला सरावलेलं असतं आणि तोंडातली जखमही लवकर भरते. मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा राखून हे अस्तर बसवण्याची पद्धत पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी आणि इटलीचे ग्विडो बार्बाग्ली यांनी 2009 मध्ये मांडली. जगभरचे शल्यविशारद तिला कुलकर्णी तंत्र म्हणतात. अडचण एकच, आणि ती आपल्याकडची: गुटखा-तंबाखूने गालाचं अस्तर कडक झालेलं असेल, तर कलम घ्यायला चांगली जागा शोधावी लागते.

धोके इथेही आहेत: जखमेत संसर्ग, काही काळ लघवीनंतर थेंब गळणं, क्वचित लैंगिक ताठरतेत तात्पुरती घट. वय, इतर आजार किंवा इच्छा नसणं यामुळे कोणी डायलेटेशनच निवडलं तर तोही त्याचा हक्क आहे. मात्र दुसऱ्यांदा सळई घालायला होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा: अडथळा नेमका कुठे, किती लांब, आणि आरजीयू झाला आहे का?