लाल म्हणजे कुठला लाल?

साड्यांच्या कॅटलॉगसाठी वर्णनं लिहायला लागले त्या पहिल्याच वर्षी एक साडी परत आली. साडीत खोट नव्हती, खोट शब्दात होती. वर्णनात ‘सिंदूरी’ असं होतं. ते लिहिणाऱ्या माझ्या हिंदी भाषक सहकारी बाईंच्या डोळ्यांपुढे त्यांच्या घरी भांगात भरतात तो लाल सिंदूर होता. मागवणाऱ्या मराठी बाईंच्या डोळ्यांपुढे देवळातल्या गणपतीवर चढवलेला शेंदूर होता, चांगला नारिंगीकडे झुकलेला. खोकं उघडल्यावर लाल साडी निघाली आणि त्या हिरमुसल्या. दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. तेव्हापासून लाल रंगाचं वर्णन लिहिताना माझा हात थांबतो.

कपड्यांच्या इंग्रजी कॅटलॉगांत लालसाठी तीन शब्द सतत भेटतात: क्रिम्झन, स्कार्लेट आणि मरून. बरेच जण ते एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात, पण तिन्ही वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवतात.

क्रिम्झन तर आपल्या घरातलाच शब्द आहे. युरोपात भूमध्य समुद्राकाठच्या ओक जातीच्या झुडपांवर एक बारीक कीटक वाढतो. त्याच्या वाळवलेल्या माद्यांपासून लाल रंग काढत. अरबीत त्याला किर्मिझ म्हणत आणि या शब्दाचं मूळ संस्कृत ‘कृमिज’, म्हणजे किड्यापासून झालेला, याच्याशी जोडलं जातं. तोच शब्द युरोपात जाऊन क्रिम्झन झाला आणि फारसीतून आपल्याकडे आला तो किरमिजी. त्यामुळे ‘क्रिम्झन’ला मराठी काय म्हणावं, हा प्रश्नच उरत नाही. तरीही आज ‘किरमिजी’ वाचून नेमका रंग डोळ्यांपुढे येणारे वाचक थोडे, ही अडचण खरी आहे.

स्कार्लेट हे आधी रंगाचं नाव नव्हतंच. मध्ययुगीन युरोपात ते एका उंची, महागड्या लोकरी कापडाचं नाव होतं. ते कापड बहुधा लाल रंगवलं जाई, म्हणून कापडाचं नाव हळूहळू रंगाला चिकटलं. पुढे मेक्सिकोतल्या निवडुंगावरचा कोचिनील कीटक युरोपात पोचला. त्याचा एक पौंड रंग-माल मिळवायला सुमारे ७०,००० कीटक वाळवावे लागत. रंगाऱ्यांच्या दृष्टीनं पुढची गोष्ट महत्त्वाची: हाच कीटक तुरटीबरोबर वापरला, तर कापडावर निळसर झाक असलेला किरमिजी चढतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कोर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाच्या हातून कथलाचा क्षार वापरायची रीत पुढे आली, आणि त्याच किड्यातून धगधगीत, नारिंगी झाकेचा स्कार्लेट निघाला. रंगद्रव्य एकच, सोबतचा धातू बदलला की नाव बदललं.

मरून मात्र फ्रेंच ‘मारों’वरून आलेला शब्द. मारों म्हणजे चेस्टनट, तपकिरी सालीचं एक फळ. म्हणजे या शब्दाच्या पोटात काळोख आणि तपकिरी दोन्ही आहेत.

तिघांमधला फरक पडद्यावरच्या आकड्यांत लख्ख दिसतो. संगणकावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांच्या मात्रांनी बनतो. प्रत्येकाची मात्रा ० ते २५५. वेबवर `crimson` लिहिलं की `#DC143C` मिळतो: लाल २२०, हिरवा २०, निळा ६०. लालच्या खालोखाल निळा आहे, म्हणून हा रंग गुलाबी-जांभळ्याकडे कलतो. स्कार्लेट म्हणून सर्रास वापरला जाणारा `#FF2400` घ्या: लाल २५५, हिरवा ३६, निळा शून्य. इथे निळ्याऐवजी हिरवा आहे. लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळ्याकडची वाट धरतो, म्हणून हा शेंदराकडे झुकतो. `maroon` म्हणजे `#800000`: लाल १२८, बाकी दोन्ही शून्य. तो कुठेच कललेला नाही, नुसता अर्ध्यावर उतरवलेला लाल आहे. गंमत म्हणजे पडद्यावरचा मरून त्या फळाच्या सालीइतका तपकिरी नाही. दुकानातल्या मरूनमध्ये मात्र तपकिरी अनेकदा असतो. आणि `scarlet` हे नाव वेबच्या ठरावीक नावांच्या यादीत नाहीच, त्यामुळे ज्याला जो वाटेल तो आकडा तो घालतो.

मग फोटो आहेच की, शब्दांची एवढी काळजी कशाला? लालच्या बाबतीत फोटो सगळ्यात जास्त दगा देतो. भडक लाल कापडावर प्रकाश जरा जास्त पडला की कॅमेऱ्याची लाल मात्रा २५५ला जाऊन अडते. त्यापुढचा उजेड नोंदलाच जात नाही, निऱ्यांमधला फरक पुसला जातो आणि पदराऐवजी एक सपाट लाल डाग दिसतो. फोटो असा आला असेल, तर वर्णनातला रंग त्या फोटोवरून कधीच लिहू नये. कापड खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात धरावं. पिवळ्या दिव्याखाली किरमिजीची निळी झाक मरते आणि तो स्कार्लेटसारखा वाटतो. तिन्हीसांजेला तर सगळेच लाल काळवंडतात, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांची लालची जाण सर्वांत आधी कमी होते.

परवाच तीन लाल साड्या समोर होत्या. पांढरा कागद शेजारी ठेवून, खिडकीत, एकेक पाहिली. पहिली रेशमी, घडीच्या सावलीत जांभळट दिसणारी. तिला लिहिलं: ‘किरमिजी, गडद लाल, राणी रंगाकडे हलकीशी झाक.’ दुसरी सुती, घडीच्या सावलीतही नारिंगी. ‘शेंदरी’ लिहायचा मोह झाला, पण तो शब्द मराठी वाचकाला फार पुढे, थेट नारिंगीत नेतो. म्हणून लिहिलं: ‘लालभडक, पिकल्या टोमॅटोसारखा.’ तिसरीला दुकानदारानं ‘वाईन’ अशी चिठ्ठी लावली होती. वाईन म्हटलं की जांभळा मिसळलेला गडद रंग अपेक्षित असतो. ही साडी तर तपकिरीकडे जात होती, म्हणून ‘आमसुली मरून’ केलं. घरात आमसूल ठेवणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. ‘डाळिंबी’ मी टाळते, कारण कुणाला दाणे आठवतात, कुणाला साल.

कापडाचा पोतही शब्द फिरवतो. एकाच रंगाच्या पिंपात मखमल आणि साधं सुती बुडवलं, तरी मखमलीचे उभे तंतू उजेड आत अडकवतात आणि ती जास्त गडद दिसते. धूपछाँव कापडात ताणा लाल आणि बाणा काळा असेल, तर चालताना त्याच साडीत मरून आणि लाल आळीपाळीनं दिसतात. तिथे एकच नाव देणं म्हणजे निम्मी साडी लपवणं. मी सरळ लिहिते: लाल ताणा, काळा बाणा, समोरून मरून, घडीवर लाल.

कारखाना आणि दुकानदार आपापसात नावावर विसंबतच नाहीत. ते पँटोनसारख्या कापडी नमुन्यांच्या क्रमांकावर बोलतात. २००२ साली पँटोनने वर्षाचा रंग म्हणून निवडलेला ‘ट्रू रेड’ त्यांच्याकडे `19-1664` आहे. पहिले दोन अंक रंग किती गडद ते सांगतात, मधले दोन तो कुठल्या वाटेचा ते, आणि शेवटचे दोन किती भडक ते. ग्राहकाला हा क्रमांक नको असतो, पण वर्णन लिहिताना मी याच क्रमानं तीन प्रश्न कापडाला विचारते: गडद किती, कुठे कललेलं, भडक किती. उत्तरं मिळाली की मगच नाव शोधते, आणि नाव नीट बसत नसेल तर ती तीन उत्तरंच लिहून टाकते.